रिजेक्शन रजिस्टरमधून निघालेलं भाषण

कारखान्याला पंचवीस वर्षं झाली, नवी भट्टी बसली, किंवा नुसतीच दिवाळी बरी गेली, की छोट्या कारखानदाराच्या मनात येतं, एकदा सगळ्या पार्ट्यांना बोलवू या. मग हायवेलगतचा एखादा हॉल ठरतो, पत्रिका छापल्या जातात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची ऑर्डर जाते, शाली आणि ट्रॉफ्या येतात. कुणाला पहिल्या रांगेत बसवायचं यावर घरात आठवडाभर खल होतो. भाषणाचा विचार मात्र त्याच दिवशी दुपारी चारला सुरू होतो, तोही ‘दोन शब्द बोलावे लागतील’ एवढाच.

ते दोन शब्द कसे असतात हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. वडिलांचे कष्ट, एका लेथवर केलेली सुरुवात, आपल्या बहुमोल सहकार्यामुळे झालेली प्रगती, आणि पुढेही असाच लोभ असावा ही विनंती. यातलं काही खोटं नसतं. पण हेच भाषण शेजारच्या प्लॉटमधल्या कारखानदाराने वाचलं, तरी कुणाला फरक कळणार नाही. त्यात अधूनमधून महात्मा गांधींच्या नावावरचं ते ग्राहकाबद्दलचं वचन येतं, जे बँकांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं असतं. गांधीजींच्या लेखनात ते सापडत नाही. त्याच्याशी जुळणारा जुना छापील मजकूर १९४१ सालचा आहे आणि तो स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीच्या एका विक्रीप्रमुखाच्या नावावर आहे. कृतज्ञतेच्या संध्याकाळी उसनं वचन आणि तेही चुकीच्या नावावर, एवढं तरी टाळता येईल.

खरी अडचण वेगळीच आहे. समोर बसलेला माणूस कोण, याचा विचार झालेला नसतो. ही लग्नातली पाहुणेमंडळी नव्हेत. यात गिऱ्हाईक कंपनीचा परचेस मॅनेजर असतो, ज्याने दरासाठी वर्षभर घासाघीस केलेली असते. क्वालिटीचा माणूस असतो, ज्याचं कामच तुमच्या मालातले दोष शोधण्याचं असतं. स्टोअरवाला असतो, ज्याला तुमची गाडी रात्री साडेनऊला आल्याचं पक्कं आठवत असतं. यांच्यापुढे ‘आमच्याकडे गुणवत्तेत तडजोड नाही’ असं म्हटलं की ते सभ्यपणे टाळ्या वाजवतात आणि एकमेकांकडे बघतात. त्यांना तुमच्या मालाची जितकी माहिती असते, तितकी तुमच्या घरच्यांनाही नसते. म्हणून त्यांना ऐकवण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्यांनी स्वतः काय केलं होतं. आणि त्याची नोंद कारखान्यात एकाच ठिकाणी नीट सापडते, रिजेक्शन रजिस्टरमध्ये.

नमुना म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री डोळ्यांसमोर आणू. त्या पट्ट्यात अशा शेकडो आहेत, तेव्हा ही नेमकी कुणाची हे शोधत बसू नये. चार ठिकाणी पाहिलेलं एका छपराखाली आणलं आहे. साठ-सत्तर माणसं, दोन इंडक्शन भट्ट्या, पंपाची केसिंगं, ट्रॅक्टरचे काही पार्ट आणि कॉम्प्रेसरची कामं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात.

काम थोडक्यात असं. लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा पॅटर्न वाळूत दाबून साचा करायचा. जिथे वस्तू पोकळ हवी तिथे वाळूचाच घट्ट केलेला कोअर बसवायचा. त्यात साधारण चौदाशे अंश तापलेलं वितळलेलं बीड ओतायचं. थंड झालं की साचा फोडायचा आणि फेटलिंगला कडा-गाठी घासून काढायच्या. ही झाली कास्टिंग. ती गिऱ्हाइकाकडे जाते, तो तिच्यावर मशिनिंग करतो, भोकं पाडतो, आटे कापतो, आणि मग ती पंपाचा भाग होते. यातली मेख अशी की कास्टिंगचा आतला दोष बहुतेक वेळा फाउंड्रीत दिसतच नाही. वरची कातडी घट्ट आणि साफ असते. दोष उघडा पडतो तो गिऱ्हाइकाच्या मशीनवर, म्हणजे त्याचा पैसा आणि वेळ त्यावर खर्च झाल्यावर.

अण्णांच्या भाषणाचा पहिला मसुदा वडिलांपासून सुरू होतो आणि दीड पानानंतर नव्या भट्टीपर्यंत येतो. त्यात गिऱ्हाईक एका वाक्यात आहे. तेव्हा त्यांच्या मुलीने, जी आता डिस्पॅच बघते, त्यांना एवढंच विचारलं, ‘अण्णा, यातला कोणता माणूस नसता तर आपण बुडालो असतो?’ अण्णांनी लगेच रजिस्टर मागवलं नाही, आधी चहा मागवला. पण मग रजिस्टर आलं.

त्यात पंप केसिंगची एक नोंद आहे. एकशे वीस नग गेले, एकतीस नग गळाले. कारण म्हणून लिहिलंय: ड्रेन प्लगपाशी पाणी.

हे समजून घेण्यासारखं आहे, कारण भाषणाचा कणा हाच होणार आहे. पंपाच्या केसिंगच्या तळाशी पाणी काढून टाकण्यासाठी एक भोक असतं आणि त्यात आट्यांचा प्लग बसतो. आट्यांना पकड मिळावी म्हणून तिथली भिंत जाड ठेवतात. त्या जाड उंचवट्याला बॉस म्हणतात. केसिंगची भिंत आठेक मिलिमीटर आणि बॉस त्याच्या तिप्पट-चौपट जाड. ओतलेलं बीड थंड होताना पातळ भिंत आधी गोठते, जाड बॉस शेवटी. गोठताना धातू आकसतो आणि त्याला भरपाईसाठी आणखी वितळलेला धातू लागतो. पण तोवर भोवतालची भिंत गोठून वाट बंद झालेली असते. मग बॉसच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या राहतात आणि तो भाग आतून स्पंजासारखा होतो. बाहेरून काही कळत नाही. गिऱ्हाईक तिथेच ड्रिल मारतो, आटे कापतो, म्हणजे नेमका तो स्पंज उघडा करतो. नंतर केसिंगमध्ये पाणी भरून दाबाची टेस्ट घेतली की आट्यांच्या आजूबाजूने पाणी पाझरतं. शॉपवर म्हणतात, केसिंगला घाम आला.

अशा वेळी व्यवहाराची रीत ठरलेली आहे. माल परत, सोबत डेबिट नोट. त्यात कास्टिंगची किंमत तर जातेच, शिवाय गिऱ्हाइकाने केलेल्या मशिनिंगचा खर्चही फाउंड्रीच्या नावावर पडतो, आणि तो पुष्कळदा कास्टिंगपेक्षा जास्त भरतो. छोट्या फाउंड्रीला असे दोन लॉट लागोपाठ गेले तर महिन्याचा पगार अडतो. त्या वेळी मात्र जे घडलं ते रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात मावलं नव्हतं. ते अण्णांच्या डोक्यात होतं, आणि भाषणात ते असं उतरलं:

‘मंडळी, आमचे पंपवाले दोस्त तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांना विचारूनच सांगतोय. एकतीस केसिंगं गळाली म्हणून फोन आला, तसा मी माल परत आणायला गाडी पाठवली. गाडी रिकामी आली. ड्रायव्हरच्या मांडीवर एकच केसिंग होतं, हॅकसॉनं मधोमध कापलेलं. बॉसच्या जागी खडूनं गोल काढलेला आणि खाली लिहिलेलं, इथे बघा. माणूस दोष सापडला की माल फेकतो. यांनी माझ्यासाठी तो कापून, दाखवून पाठवला. कापायला त्यांच्या माणसाचा अर्धा दिवस गेला असणार. त्याचं बिल मला आजपर्यंत आलेलं नाही.’

इथे हॉलमध्ये हशा येतो, कारण बिल न येणं म्हणजे काय हे समोरच्या प्रत्येकाला माहीत आहे. अण्णा पुढे जातात:

‘मग आम्ही शहाणपणा केला. साच्यात बॉसपाशी चिल ठेवला. गळती थांबली, पण त्यांच्याकडे टॅप मोडायला लागले. एका दिवसात सात टॅप. तेव्हा त्यांचे डिझाइनचे साहेब स्वतः आले. सकाळी आले ते दुपारपर्यंत मोल्डिंगलाच उभे. जाताना म्हणाले, बॉस एवढा जाड ठेवायचं आम्हालाही काही कारण नाही. आठ मिलिमीटर कमी केला, कोपऱ्याला गोलाई वाढवली आणि नवीन ड्रॉइंग पाठवलं. मंडळी, मला या धंद्यात पंचवीस वर्षं झाली. चूक माझ्या कास्टिंगमध्ये निघाली आणि गिऱ्हाइकानं स्वतःचं ड्रॉइंग बदललं, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.’

चिल म्हणजे साच्यात ठेवलेला लोखंडाचा तुकडा. तो उष्णता ओढून घेतो आणि जाड जागा लवकर गोठवतो. पोकळी त्याने कमी होते, पण बीड फार झटकन गोठलं तर ते कडक आणि ठिसूळ बनतं, आणि त्यात आटे कापायला गेलं की टॅप मोडतो. एक दोष घालवताना दुसरा आणणारा हा उपाय फाउंड्रीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. म्हणूनच ‘एका दिवसात सात टॅप’ म्हटल्यावर जाणकार माना डोलावतात. बाकीच्यांना सगळं कळलं नाही तरी मोडलेल्या टॅपचा आकडा कळतो.

आणि ड्रॉइंग बदलणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. ड्रॉइंगला रिव्हिजन नंबर असतो. ते बदललं की पॅटर्न दुरुस्त करावा लागतो, मशीनवर कास्टिंग धरायचं फिक्स्चर तपासावं लागतं, आधीच बाजारात गेलेल्या पंपांना नवा भाग बसेल का ते बघावं लागतं, आणि कंपनीत तीन-चार जणांच्या सह्या लागतात. छोट्या पुरवठादारासाठी हा त्रास घेणाऱ्या कंपन्या थोड्या. सहकार्य हा शब्द अण्णांनी एकदाही वापरला नाही, पण सहकार्य म्हणजे काय ते आठ मिलिमीटरमध्ये सांगितलं.

आता या मजकुरामागची एक खबरदारी, जी ऐकणाऱ्याला दिसत नाही. ‘त्यांना विचारूनच सांगतोय’ हे वाक्य शोभेचं नाही. अण्णांनी आधीच्या आठवड्यात फोन केला होता. असा किस्सा जाहीर सांगताना दोन गोष्टी धोक्याच्या असतात. एक, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं. बहुतेक वेळा पॅटर्नही त्याच्याच पैशांतून बनलेला असतो आणि नुसता फाउंड्रीत ठेवलेला असतो. त्याच हॉलमध्ये दुसरा पंपवालाही जेवायला आलेला आहे. तेव्हा मॉडेल, माप, वर्षाला किती नग, दर काय, यातलं काही बोलायचं नाही. अण्णांनी आठ मिलिमीटर कमी केल्याचं सांगितलं, मूळ जाडी सांगितली नाही. हॉलच्या दाराशी पार्ट्यांच्या चकचकीत रंगवलेल्या कास्टिंग्ज टेबलावर मांडण्याची हौस बऱ्याच कारखानदारांना असते. ती याच कारणासाठी आवरलेली बरी. फारच हौस असेल तर जुना लॅडल ठेवावा, ज्यातून कधीकाळी हाताने बीड ओतलं. तो कुणाच्या मालकीचा नसतो.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. समजा क्वालिटीच्या एका माणसाने साहेबांना न विचारता तुमचा लॉट सांभाळून घेतला, रिजेक्ट करण्याऐवजी दुरुस्तीला परत दिला. तुम्ही भारावून स्टेजवरून त्याचं नाव घेतलं. तो माणूस त्याच्या साहेबाशेजारीच बसलेला आहे. तुमचे आभार त्याच्या गळ्याशी येतात. म्हणून फोनवर एवढं विचारून घ्यावं: किस्सा सांगू का, कंपनीचं नाव घेऊ का, आणि माणसाचं नाव घेऊ का. तीन प्रश्नांना तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात. ‘किस्सा सांगा, नाव नको’ हे सर्वांत जास्त वेळा येणारं उत्तर आहे, आणि ते पुरेसं आहे. ज्याचा किस्सा आहे तो तिसऱ्या रांगेत बसून ओळखतोच.

अण्णांनी दुसरा प्रसंग निवडला तो २०१९ च्या महापुराचा. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. कोल्हापूर भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणून यावर ते फार थांबले नाहीत. तयार माल गेटच्या आत, गाड्या रस्त्यावर अडकलेल्या, निम्मे कामगार आपापल्या गावात पाण्याच्या पलीकडे. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन याच मालावर चालत होती. त्याने काय केलं, ते अण्णांनी चार वाक्यांत सांगितलं:

‘मी रोज सकाळी फोन करून सांगायचो, आज पण गाडी निघत नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, अण्णा, रोज फोन नका करू, आम्ही टीव्हीवर बघतोय. आम्ही दुसरं मॉडेल लाइनला लावलंय. तुमची माणसं बरी आहेत का तेवढं सांगा.’

लाइनवर मॉडेल बदलणं म्हणजे वेगळे पार्ट मागवणं, वेगळी फिक्स्चरं लावणं, आणि ज्याला पहिला माल द्यायचा त्याची समजूत घालणं. किंवा सरळ दुसऱ्या फाउंड्रीकडे जाणं. तो दुसरा रस्ता मोकळा असूनही घेतला नाही, हे अण्णांनी म्हटलं नाही. ते म्हणण्याची गरजच नव्हती.

खरी पंचाईत येते ती पैशांच्या मुद्द्यावर. छोट्या कारखान्याला वेळेवर पेमेंट देणारं गिऱ्हाईक जितकं जिवाचं असतं, तितकं दुसरं कुणी नसतं. अण्णांच्या पार्ट्यांमध्ये एक अशी आहे जिचे पैसे बिलाच्या तारखेपासून तिसाव्या दिवशी जमा होतात, मागावे लागत नाहीत. मनातून पहिले आभार तिचेच मानायचे होते. पण त्याच हॉलमध्ये असेही चार जण बसलेले, ज्यांचं पेमेंट शंभर दिवसांवर गेलेलं. एकाचं कौतुक म्हणजे चौघांना टोमणा, आणि तोही त्यांना जेवायला बोलावून.

कायद्याने याबाबत काय ठेवलंय ते एकदा बघू. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायला हवेत. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशोबाने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर आयकर कायद्यातही तरतूद आली. २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येते ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच. त्यामुळे मार्चमध्ये काही जुनी बिलं अचानक सुटू लागली, हे खरं. पण गिऱ्हाइकाकडून व्याज मागणारा छोटा कारखानदार मला तरी विरळा वाटतो. व्याज मिळेल, पुढची ऑर्डर मिळणार नाही, हा हिशोब त्याने केलेला असतो. आणि ज्या संध्याकाळी आभार मानायचे त्या संध्याकाळी कायद्याचं कलम काढणं म्हणजे वाढलेल्या ताटापुढे उधारीची वही ठेवण्यासारखं.

अण्णांनी वाट काढली ती अशी. पेमेंटचं नाव न घेता त्यांनी अकाउंट्सच्या माणसांचा उल्लेख केला. ‘आपण सगळे परचेसला ओळखतो, क्वालिटीला ओळखतो. तुमच्या ऑफिसात अकाउंट्सला बसणाऱ्या माणसांना मी कधी भेटलेलो नाही, फक्त फोनवरचा आवाज ओळखतो. पगाराच्या आदल्या दिवशी ज्यांनी आमचं बिल वरच्या ढिगात ठेवलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या.’ वेळेवर देणारे हसले, उशिरा देणारेही हसले. ज्याला जे घ्यायचं ते त्याने घेतलं. तिसाव्या दिवशीवाल्या पार्टीला अण्णांनी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पेढे दिले आणि मनातलं सांगितलं. काही आभार माइकवरून मानायचे नसतात.

आता कामगारांचं. अशा मेळाव्यात कामगारांचे आभार नेहमी शेवटी, ‘ज्यांच्या घामामुळे’ अशा वाक्यात मानले जातात, आणि ते कामगार तेव्हा मागे खुर्च्या लावत असतात. अण्णांनी त्यांना पाहुण्यांशी जोडून दिलं. पंपाच्या केसिंगचा किस्सा सांगताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, ‘ते डिझाइनचे साहेब मोल्डिंगला ज्यांच्याशेजारी उभे होते, ते आमचे हेडमोल्डर मामा तिथे उभे आहेत. मामा, हात वर करा.’ मामांनी हात वर केला. तिसऱ्या रांगेतल्या साहेबांनी मागे वळून ओळख दाखवली. कामगाराचा उल्लेख असा एखाद्या नेमक्या कामापाशी आला तर त्याला अर्थ येतो. बॉसच्या कोपऱ्यात गोलाई वाढवायची सूचना मुळात मामांची होती, हेही अण्णांनी सांगितलं. ते ऐकून साहेब जरा वरमले की खूश झाले ते कळलं नाही, पण टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या.

लांबीचा प्रश्न सोपा आहे, तरी तिथेच सगळे चुकतात. मराठीत सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. सात मिनिटांत आठशे शब्द झाले. वरचे दोन किस्से, अकाउंट्सचा नमस्कार आणि समारोप एवढं त्यात आरामात बसतं. वडिलांची गोष्ट बसत नाही, म्हणून ती एका वाक्यावर आली, आणि त्या एका वाक्याने तिची शान वाढली. भाषण जेवणाआधी ठेवावं. जेवणानंतर कुणी ऐकत नाही, आणि लांबचे पाहुणे गाडी काढायच्या घाईत असतात. कागद हातात धरायला लाज वाटून घेऊ नये, पण अख्खं भाषण लिहून वाचलं की आवाज सपाट होतो. अण्णांनी फक्त आकडे आणि क्रम लिहून घेतला होता: एकतीस, सात टॅप, आठ मिलिमीटर, पूर, अकाउंट्स. किस्से आठवावे लागत नाहीत, ते घडलेले असतात.

भाषेचंही थोडं. पाहुण्यांत बंगळूरचे दोन जण होते आणि एक गुजराती मशीनशॉपवाले. अण्णांनी सगळं भाषण हिंदीत करण्याचा मुलाचा आग्रह मोडून काढला. सुरुवातीला दोन वाक्यं हिंदीत बोलून त्यांची माफी मागितली आणि मुलीला त्यांच्या टेबलावर बसवलं. अण्णांच्या हिंदीत टॅप मोडल्याचा किस्सा कसा झाला असता, याची कल्पना ज्यांना आहे त्यांना हा निर्णय पटेल.

एक मोह मात्र शेवटपर्यंत होता, आश्वासन देण्याचा. टाळ्या पडल्या की माणूस उदार होतो आणि म्हणून जातो, ‘पुढच्या वर्षीपासून डिलिव्हरी दहा दिवसांत.’ परचेस मॅनेजर ते मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि दरवाढीच्या पुढच्या बैठकीत समोर ठेवतो. अण्णांच्या मसुद्यात असं एक वाक्य होतं, नव्या भट्टीमुळे क्षमता दीडपट होणार असल्याचं. भट्टीने वितळवण्याची क्षमता वाढते, हे खरं. पण मोल्डिंग आणि फेटलिंग तेवढंच असेल तर माल दीडपट निघत नाही, वितळलेलं बीड साच्यांची वाट बघत बसतं. हे मामांनी दाखवून दिलं आणि वाक्य गेलं. त्याऐवजी अण्णांनी म्हटलं, ‘नवी भट्टी बसलीय. ती काय करते ते सहा महिन्यांनी सांगतो. आत्ता एवढंच सांगतो की तांबडा गरम आहे.’ लोक उठले.

अशा संध्याकाळीचा धंद्याला उपयोग काय, असं विचारणारे भेटतात. ऑर्डरी लगेच वाढत नाहीत. हात धुवायच्या रांगेत मात्र ट्रॅक्टरचे पार्ट घेणाऱ्या पार्टीचे डिझाइनवाले अण्णांजवळ आले. त्यांच्याकडे एक नवीन हाउसिंग येणार होतं आणि त्याला कडेला तसाच एक जाड बॉस होता. एरवी ड्रॉइंग पूर्ण झालं, सह्या झाल्या, की मगच ते फाउंड्रीकडे येतं, आणि तेव्हा पॅटर्न बनवण्यापलीकडे बोलायला काही उरत नाही. त्यांनी विचारलं, उद्या कच्चं ड्रॉइंग पाठवलं तर मामांना दाखवून सांगाल का? अण्णांनी ओला हात शर्टाला पुसला आणि मामांना हाक मारली.